पंधरा ओळींची सूचना, दोन इंग्रजी वाक्यं

*माझा नवरा तमिळ आहे. मराठी बोललेलं त्याला बरंचसं कळतं, पण वाचता येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक सूचना आली की मी ऑफिसमधून त्याला दोन इंग्रजी वाक्यांत कळवते. गेल्या आठवड्यात मी ‘वॉटर टिल इलेव्हन’ असं लिहिलं. त्याला वाटलं अकरापर्यंत पाणी आहे, आणि तो साबण लावून नळाखाली उभा राहिला. थोडक्यात, पण बिनचूक कसं लिहायचं?*

तुमचा घोटाळा ‘पर्यंत’ या एका शब्दाभोवती झाला आहे. ‘पैसे शनिवारपर्यंत भरा’ आणि ‘लिफ्ट शनिवारपर्यंत बंद’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘बाय’ लागतो आणि दुसऱ्याला ‘टिल’. ‘टिल’ तुम्ही बरोबर निवडला होता, पण ‘बंद राहील’ हे क्रियापद मात्र गाळलंत. मराठी वाक्याचा सगळा अर्थ शेवटच्या शब्दावर टांगलेला असतो. सूचना आपण पूर्ण वाचलेली असते, ‘बंद’ डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे लिहिताना ते राहून गेलं तरी आपल्याला वाक्य पुरंच वाटतं. ज्याने सूचना वाचलेली नाही त्याला मात्र ‘अकरापर्यंत पाणी’ म्हणजे पाणी आहे असंच दिसणार. म्हणून माझा पहिला नियम असा की पाणी, वीज, लिफ्ट, गॅस यांतलं काहीही असो, ‘नो’ आधी लिहायचा आणि वस्तूचं नाव त्यानंतर. ‘नो वॉटर’ एकदा आलं की पुढे ‘टिल’ लिहा नाहीतर ‘फ्रॉम-टू’, अर्थ उलटत नाही.

मी बावीस वर्षं मराठी-इंग्रजी भाषांतर करते आणि माझा नवरा बंगाली आहे, त्यामुळे हे काम माझ्या पोटापाण्याचंही आहे आणि घरातलंही. पद्धत सांगायला एक आख्खी सूचना घेते. आमच्याकडे आलेलीच आहे, तपशील थोडे बदलले आहेत. धरून चालू की तुम्ही बी विंगमध्ये राहता आणि सूचना गुरुवारी दुपारी आली आहे.

> सप्रेम नमस्कार. सर्व सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, मागील मासिक सभेत ठरल्याप्रमाणे आपल्या सोसायटीच्या भूमिगत व गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांची साफसफाई येत्या रविवारी, दि. ७/६ रोजी करण्यात येणार आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी साफसफाई न झाल्याने गढूळ पाण्याच्या तक्रारी आल्या होत्या, याची सर्वांना कल्पना आहेच. ए व बी विंगच्या टाक्या सकाळी साडेसात ते दुपारी पावणेदोन या वेळेत आणि सी विंगची टाकी त्यानंतर साफ करण्यात येईल. त्या त्या वेळेत संबंधित विंगचा पाणीपुरवठा बंद राहील. तरी सर्वांनी आदल्या रात्रीच आवश्यक तेवढे पाणी भरून ठेवावे. गाळ उपसणारी गाडी आत येणार असल्याने बी विंगसमोरील वाहने शनिवारी रात्री दहापर्यंत हलवावीत. अन्यथा होणाऱ्या नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही. साफसफाईचा खर्च प्रति सदनिका अडीचशे रुपये असून तो पुढील महिन्याच्या मेंटेनन्स बिलात समाविष्ट केला जाईल. कृपया वॉचमनकडे रोख रक्कम देऊ नये. टीप : पाणी सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी वापरू नये. आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे. – सचिव

घाईत बहुतेक जण याचं असं करतात:

```
Tank cleaning on Sunday as decided in the meeting, water till 1:45. Please cooperate.
```

यात काय झालं ते बघा. सूचनेचं पहिलं वाक्य आलं, शेवटचं वाक्य आलं आणि मधलं जवळजवळ सगळं गेलं. मराठी सूचनेत नेमकी ही दोन वाक्यंच सर्वांत निकामी असतात. सुरुवातीला ‘कळविण्यात येते की’ आणि सभेचा दाखला, शेवटी सहकार्याची अपेक्षा. घरातल्या माणसाला जे करायचं असतं ते मध्यावर असतं, आणि सगळ्यांत महत्त्वाचा अपवाद ‘टीप’ म्हणून तळाशी. म्हणून मी सूचना एकदा वरून खाली वाचते आणि लगेच दुसऱ्यांदा खालून वर. टीपेपासून वर येताना एकच गोष्ट शोधायची: ‘-आवे’, ‘-आवीत’ आणि ‘नये’ यांनी संपणारी क्रियापदं. वरच्या सूचनेत ती चारच आहेत. पाणी भरून ठेवावे, वाहने हलवावीत, रोख देऊ नये, पाणी पिण्यासाठी वापरू नये. ‘करण्यात येईल’, ‘केला जाईल’, ‘बंद राहील’ ही क्रियापदं समिती काय करणार किंवा काय घडणार ते सांगतात. त्यांत तुमच्या नवऱ्याला करण्यासारखं काही नाही, फक्त सोसण्यासारखं असेल तेवढं घ्यायचं.

इथून दोन वाक्यांची वाटणी आपोआप ठरते. पहिलं वाक्य त्याने काय करायचं याचं, दुसरं काय घडणार याचं. उलट क्रम लावू नका. फोनच्या बंद पडद्यावर निरोपाचे पहिले काही शब्दच दिसतात, आणि मीटिंगमध्ये बसलेला माणूस तेवढेच वाचून फोन पालथा ठेवतो. त्या शब्दांत ‘शनिवारी दहाच्या आत गाडी’ असेल तर काम झालं. ‘मासिक सभेत ठरल्याप्रमाणे’ असेल तर तो रात्री परत उघडून बघेल या भरवशावर तुम्ही राहणार.

आता चार क्रियापदांतलं काय ठेवायचं? गाडी आधी, कारण तिची मुदत सर्वांत जवळची आहे आणि चुकल्यास भरून न येणारं नुकसान आहे. ‘अन्यथा’ हा शब्द दिसला की त्याच्या मागचं काम कधीच गाळायचं नाही, मग सूचनेची भाषा कितीही गोड असो. पाणी भरणं त्याच वाक्यात बसतं, कारण तेही शनिवारी रात्रीच करायचं आहे. एका दिवसाची कामं एका वाक्यात घातली की वाचणाऱ्याला ती एकत्र आठवतात. रोख रकमेचं मी गाळते. अडीचशे रुपये बिलात येणार आहेत, बिल तुम्ही दोघं मिळून बघालच. पण तुमचा नवरा घरून काम करत असेल आणि वॉचमन दाराशी आला की पटकन पैसे काढून देणारा असेल, तर तुमच्या घरापुरतं ते गाळण्यासारखं नाही. हा निवाडा तुमचाच, कारण सूचना साऱ्या सोसायटीला उद्देशून असते आणि निरोप एका माणसाला. सी विंगचं सगळं गेलं, गेल्या वर्षीचं गढूळ पाणी गेलं.

पंधरा मिनिटांची टीप मात्र राहायला हवी. तिला जागा देण्यासाठी मी ‘टाकी साफ करणार आहेत’ हे कारणसुद्धा काढलं. पाणी का नाही हे न कळल्याने कोणी आजारी पडत नाही. हे लिहिताना आणखी एक मोह आवरावा लागतो. इंग्रजीत चटकन सुचतं की नळ पंधरा मिनिटं सोडून ठेव आणि मग पी. सूचनेत तसं म्हटलेलंच नाही. ते पाणी पिऊ नये एवढंच सांगितलं आहे, फरशी पुसायला ते चालेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पाणी गटारात सोडणाऱ्या माणसाशी शेजारी बोलणार नाहीत.

तर निरोप असा होतो:

```
By 10 pm Sat please move the car from outside B wing and fill water. On Sun 7 June no water 7:30 am to 1:45 pm; for 15 min after it returns, don't drink it.
```

हे सगळं मिळून 156 अक्षरं होतात, मोकळ्या जागा धरून. मी मुद्दाम 160च्या आत ठेवते. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराची मर्यादा 160 आहे. पण त्यात देवनागरीचं एक अक्षर, एखादा इमोजी किंवा रुपयाचं चिन्ह जरी आलं, तरी सगळा एसएमएस वेगळ्या संकेतात जातो आणि मर्यादा 70वर येते. म्हणजे एका नमस्काराच्या चिन्हापायी तुमच्या निरोपाचे तुकडे होतात. म्हणून रुपयांसाठी मी Rs लिहिते. व्हॉट्सॲपवर ही अडचण नाही, पण बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंटरनेट नसतं तेव्हा एसएमएसच पोचतो, आणि गाडी हलवायचा निरोप नेमका तिथेच लागतो.

आता वेळांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात. साडेसात सोपं आहे. पावणेदोन मात्र घाईत 2:45 होतं, अगदी मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या हातूनही. ‘दोन’ ऐकू येतं, डोकं दोनावर थांबतं, बोट 2 दाबतं, आणि मग ‘पावणे’साठी 45. ‘पावणे’ मुळात ‘पादोन’ आहे, पाद उणे, पाव कमी. दोनाला पाव कमी म्हणजे 1:45. मी स्वतःला लावलेली सवय अशी: पावणे दिसलं की आधी मागचा आकडा लिहायचा, 45 नंतर. पैशांतही हेच शब्द येतात. पावणेदोनशे म्हणजे 175, सव्वाशे म्हणजे 125, अडीचशे म्हणजे 250, दीड हजार म्हणजे 1500. इंग्रजीत हे शब्दांत सांगू नका, आकडेच लिहा. ‘क्वार्टर टू’ वगैरे लिहिलंत तर आपण एक कोडं सोडवून त्याला दुसरं घातलं असं होतं. आकड्याला एएम किंवा पीएम जोडाच. मराठीत ‘सकाळी’, ‘रात्री’ हे शब्द ते काम करतात, आणि निरोप आखडताना नेमके तेच आधी गळतात.

‘शनिवारी रात्री बारापासून वीज बंद’ अशी सूचना आली तर फार जपून. मराठी माणसाच्या लेखी ती शनिवारची रात्र आहे, पण घड्याळात रविवार लागलेला असतो. ‘सॅटर्डे ट्वेल्व्ह एएम’ असं लिहिलंत तर शुक्रवार आणि शनिवार यांच्या मधली रात्र होते, म्हणजे पूर्ण एक दिवस आधी. मी तिथे रात्री 11:59 लिहिते. एका मिनिटाने काही बिघडत नाही, आणि दिवस पक्का होतो.

तारखेत ‘७/६’ तसंच्या तसं उतरवू नका. भारतात तो 7 जून आहे, पण अमेरिकेत वाढलेल्या जोडीदाराला तो 6 जुलै वाटेल. महिना अक्षरांत लिहा, सोबत वार लिहा. वार आणि तारीख दोन्ही असले की एक चुकल्याचं दुसऱ्यावरून लगेच कळतं. आणखी एक गंमत, जी मला लग्नानंतर कळली. मराठी न वाचणारा माणूस सूचनेतले आकडे ‘वाचायचा’ प्रयत्न करतोच. त्याच्या डोळ्यांना आपला १ हा इंग्रजी 9 दिसतो, ४ हा 8 दिसतो, ५ हा 4सारखा आणि ७ हा 6सारखा. तुमचा निरोप बरोबर असूनही तो मूळ सूचना उघडून ‘७/६’ बघेल आणि तुमच्या 7ला चूक ठरवेल. हे चार आकडे त्याला एकदा शिकवून ठेवा. बाराखडी राहू दे, एवढं पाच मिनिटांत होतं.

‘उद्या’ आणि ‘परवा’ हे दोन शब्द तर मी निरोपात कधीच येऊ देत नाही. ‘परवा’ पुढचाही असतो आणि मागचाही, ते वाक्यातल्या क्रियापदावरूनच कळतं. ‘उद्या’चा धोका वेगळा आहे. आमच्याकडे एकदा गॅसच्या पाइपच्या कामाची सूचना आली, ‘उद्या सकाळी दहा ते एक गॅस बंद राहील’. कोणीतरी ती रात्री अकराला मूळ गटावर टाकली होती, आमच्या गटावर ती सकाळी सातला फॉरवर्ड झाली. मी सातचा वेळ बघितला आणि नवऱ्याला ‘टुमॉरो’ लिहून कामाला निघाले. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिचा मऊ भात चुलीवर अर्धा शिजला असताना गॅस गेला, आणि घरात इंडक्शन नव्हतं. तेव्हापासून मी फॉरवर्ड झालेल्या सूचनेत ‘उद्या’ दिसला की सूचना मुळात कधी लिहिली ते ग्रुपवर विचारते, आणि उत्तर येईपर्यंत निरोपात ‘कदाचित आजच, विचारतेय’ असंच लिहिते. अर्धवट माहिती अर्धवट म्हणून सांगितली तर माणूस भात आधी उरकून घेतो.

‘-आवे’ला इंग्रजी काय द्यायचं हाही प्रश्न येतो. शाळेत आपल्याला ‘शुड’ शिकवलेलं असतं. ‘वाहने हलवावीत’ला ‘शुड’ लावलंत तर ते सल्ल्यासारखं वाटतं, जमलं तर कर. सूचनेतलं ‘हलवावीत’ ही सभ्य भाषेतली आज्ञा असते. निरोपात ‘प्लीज’ आणि सरळ क्रियापद पुरे. उलट ‘ऐच्छिक’, ‘इच्छुकांनी’, ‘शक्य असल्यास’ यांतलं काही मूळ सूचनेत असेल तर ते निरोपात आलंच पाहिजे, नाहीतर तो बिचारा रविवारची सकाळ श्रमदानात घालवेल आणि संध्याकाळी कळेल की जाणं सक्तीचं नव्हतं.

सणावारांच्या सूचनांत शब्दाला शब्द शोधत बसू नका. ‘प्रत्येक घरातून उपवासाचा एक पदार्थ आणावा’ याचं ‘व्हेजिटेरियन डिश’ केलंत तर नवरा प्रेमाने पुलाव करून नेईल, आणि एकादशीला तो कोणी खाणार नाही. ‘फास्टिंग फूड’ लिहिलंत तर तमिळ घरातल्या उपवासाला जे चालतं ते त्याला आठवेल, साबुदाणा आठवेलच असं नाही. अशा वेळी प्रकाराचं नाव सोडून थेट वस्तूचं नाव द्या: दहा जणांना पुरेल एवढी साबुदाण्याची खिचडी, सातच्या आत खाली. हळदीकुंकू, आरती, महाप्रसाद हे शब्द मात्र तसेच रोमन लिपीत लिहावेत. बोललेलं मराठी त्याला कळतं असं तुम्ही म्हणता, म्हणजे हे शब्द त्याच्या कानाला ओळखीचे आहेत. त्यांचं इंग्रजी केलंत तर उलट ओळख पुसली जाईल.

‘आपण’ आणि ‘आपल्या’ यांच्याकडेही एकदा बघायचं. सूचनेत ‘आपल्या विंगच्या’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते लिहिणाऱ्याची विंग असू शकते, किंवा आदराने तुमची. ‘आम्ही’ असतं तर प्रश्न नव्हता. निरोपात विंगचं अक्षर लिहा, A किंवा B.

पाठवण्याआधी मी एक तपासणी करते, तिला अर्धं मिनिट लागतं. मूळ सूचना बंद करायची आणि फक्त इंग्रजी निरोपावरून मनात मराठी वाक्य करायचं: शनिवारी रात्री दहाच्या आत गाडी हलव, पाणी भर, रविवारी साडेसात ते पावणेदोन पाणी नाही. मग सूचना उघडून ताडायचं. तुमचा ‘वॉटर टिल इलेव्हन’ या तपासणीत लगेच पकडला गेला असता, कारण त्याचं मराठी ‘अकरापर्यंत पाणी’ असंच होतं आणि ‘बंद’ कुठे गेलं हे दिसलं असतं. शिवाय नवऱ्याला सांगून ठेवा की उत्तरात नुसता अंगठा पाठवू नकोस, वेळ लिही. ‘टेन पीएम ओके’ असं आलं की त्याने ती वेळ पाहिली आहे हे कळतं. अंगठा न वाचताही देता येतो.

एका प्रकारच्या सूचनेला मात्र ही पद्धत लावू नका. इमारतीचा पुनर्विकास, सर्वसाधारण सभेतला ठराव, मोठी वर्गणी किंवा ‘हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावी, अन्यथा मान्यता गृहीत धरली जाईल’ असं वाक्य असलेली कुठलीही सूचना. घर दोघांच्या नावावर असेल तर तिथे त्याचं मतही तुमच्याइतकंच लागतं, आणि दोन वाक्यांत काय ठेवायचं हे तुम्ही ठरवलंत म्हणजे त्याचं अर्धं मत तुम्हीच ठरवलंत. अशा वेळी मी मजकूर आखडतच नाही. फक्त मुदत कळवते आणि बसायची वेळ मागते, मग रात्री पूर्ण सूचना ओळीओळीने वाचून दाखवते:

```
Redevelopment notice today; written objections by Sat 20 June. Keep 9 pm free, I'll read you all of it before we decide.
```